शिडीचे सोळा बोल्ट

त्या कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला लाज वाटते ती त्याचीच. खोटं लिहिलं असतं तर कुणीतरी पकडलं असतं आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं.

गेली बावीस वर्षं मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात नट-बोल्टच्या तपासणीचं काम करतो. राहतो गारखेड्यात. समुद्राशी माझा संबंध एवढाच की आमच्या प्रयोगशाळेत एक पेटी आहे. तिच्यात पाच टक्के मिठाच्या पाण्याची वाफेसारखी बारीक फवारणी चालू असते, तापमान पस्तीस अंश. त्यात बोल्ट टांगायचे आणि किती तासांनी गंज दिसतो ते नोंदवायचं. त्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते. समुद्र मला किल्लीसकट माहीत आहे असं माझं मत होतं.

माझ्याबरोबर मेंटेनन्स विभागात एक जण होता, मूळचा कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावचा. आठ वर्षं आम्ही एकाच बसनं शेंद्र्याला गेलो. मग त्यानं नोकरी सोडली, गावी परतला आणि भावाबरोबर भागीत एक प्रवासी बोट घेतली. फायबरची, चोवीस माणसांची. पर्यटकांना खाडीपलीकडच्या वाळूच्या किनाऱ्यावर न्यायचं आणि परत आणायचं. तिकडे धक्का नाही, त्यामुळे बोटीच्या मागच्या अंगाला अ‍ॅल्युमिनियमची शिडी होती; लोक तिच्यावरून गुडघाभर पाण्यात उतरत. शिडी अ‍ॅल्युमिनियमच्याच चार ब्रॅकेटांवर धरलेली, एका ब्रॅकेटला चार बोल्ट, एकूण सोळा. खालची दोन ब्रॅकेटं बोट नांगरलेली असतानाही पाण्याखालीच असत.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी आणि बायको त्याच्याकडे गेलो. पावसाळ्यात तिकडे बोटी ओढून वर काढतात. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांची एकच घाई चाललेली. त्याच्या बोटीचं काम एक मिस्त्री करत होता, साठीचा, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेला. बारा वर्षं त्या धक्क्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बोटीला त्याचा हात लागलेला होता. त्याच्यासमोर बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे होते. एकात पितळेचे स्क्रू, एकात स्टीलचे, एकात अ‍ॅल्युमिनियमचे रिवेट. तांदूळ निवडावेत तसा तो तिसरा डबा निवडत बसला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"कोणीतरी पितळेचा एक स्क्रू यात टाकलाय. सापडेपर्यंत डब्याला हात नाय लावायचा."

"एका स्क्रूनं काय होतंय?"

त्यानं वर बघितलं. "एका माशीनं काय होतं हो चहात?"

मित्र हसला. मीही हसलो. मनात मात्र म्हटलं, डबे वेगळे ठेवतो हे चांगलं आहे, पण कारण काही त्याला माहीत नसणार. एवढं मनात आलं होतं हे मला आज नीट आठवतं.

शिडीचे जुने बोल्ट मी पाहिले. स्टेनलेसचेच होते, पण प्रत्येक बोल्टाच्या दांड्याभोवती नायलॉनची नळी होती आणि डोक्याखाली आणि नटाखाली काळी नायलॉनची वॉशर. वॉशर चेपून पातळ झाल्या होत्या. माझ्याबरोबर टॉर्क रेंच होता, बोल्ट किती जोरानं आवळलाय ते दाखवणारा पाना. मी कुठंही गेलो तरी गाडीत असतो, बायको त्यावरून मला बोलते. एक बोल्ट तीस न्यूटन मीटरला आवळला, तासाभरानं परत मोजला. अठरा. नायलॉन दाबाखाली सरकतं, त्यामुळे आवळ ढिली पडते. हे पुस्तकात आहे, आणि खरं आहे.

मी मित्राला म्हणालो, "हे प्लास्टिक काढून टाक. माणसं चढतात-उतरतात त्या शिडीवर. अठरावर ठेवतोस?"

"मिस्त्री टाकतो नेहमी."

"का टाकतो?"

मित्रानं खांदे उडवले. पितळ, स्टील, अ‍ॅल्युमिनियम असलं काहीतरी मिस्त्री बोलतो, एवढंच त्याला माहीत.

मी बरोबर आमच्या कारखान्याचे एक पेटी बोल्ट आणले होते. भेट म्हणून, रीतसर विकत घेऊन. उत्तम दर्जाचं स्टेनलेस, समुद्राच्या कामाला जे सांगतात तेच. मीठ-फवाऱ्यात पाचशे तास काढलेले, डाग नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बहिणीकडे गेला होता. मी आणि मित्रानं सकाळी नऊ ते बारा या वेळात सोळाच्या सोळा बोल्ट बदलले. नळ्या आणि वॉशर काढल्या. डोक्याखाली मोठ्या स्टेनलेसच्या वॉशर घातल्या, आणि प्रत्येक ब्रॅकेटामागं फायबर चेपू नये म्हणून तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताहून मोठी अशी स्टेनलेसची प्लेट. ती माझी स्वतःची कल्पना. सोळाही तीसला आवळले. तासाभरानं मोजले. सर्वांत कमी एकोणतीस.

मिस्त्री परत आल्यावर त्यानं बोटीमागं जाऊन बघितलं. बराच वेळ वाकून राहिला.

"प्लास्टिक कुठंय?"

मी त्याला आकडे सांगितले. अठरा आणि एकोणतीस. तो ऐकून घेत होता. मग त्यानं नखानं माझ्या बोल्टाचं डोकं वाजवलं.

"बोल्ट चांगला आहे हो साहेब. सोबती वाईट मिळाला त्याला."

"कसला सोबती?"

"अ‍ॅल्युमिनियम. हा बोल्ट त्याला खाईल."

"पाचशे तास मिठात ठेवलाय तो. काही झालं नाही."

"एकटाच ठेवला असंल," मिस्त्री म्हणाला, आणि दुसऱ्या बोटीकडे गेला.

मित्रानं मला डोळा घातला. "म्हातारा रुसला."

कार्तिकात मित्राचा फोन आला, हसतच. बोटीच्या नावाची पितळी पाटी गळून पाण्यात पडली होती. पाटी चांगली दोन हात लांब, आणि त्यानं ती स्वतः अ‍ॅल्युमिनियमच्या रिवेटांनी बसवली होती. "पाटी सापडली, तशीच आहे. रिवेटचं नाव नाही राहिलं रे. नुसती पांढरी भुकटी." मी म्हणालो, रिवेट हलक्या प्रतीचे असतील. मला तेव्हा एवढाही विचार करायचा नव्हता की पाटी का शाबूत राहिली.

मार्गशीर्षात दुसरा फोन.

"मिस्त्री म्हणतोय, शिडीच्या बोल्टांभोवती पांढरं येतंय. खालचे उघडून प्लास्टिक टाकू का विचारतोय."

मी तेव्हा औरंगपुऱ्यात होतो, रिक्षात, मांडीवर भाजीची पिशवी. दोन मिनिटांत उत्तर दिलं. "मीठ वाळलेलं असेल. उघडून साफ करा, पण प्लास्टिक नको. परत तीसला आवळा."

"तो ऐकत नाही."

"मग त्याला सांग, मी सांगितलंय."

मिस्त्रीनं ऐकलं. खालचे आठ बोल्ट उघडले, पांढरं खरवडलं, परत आवळले. मी सांगितलं होतं म्हणून.

वैशाखात, भर सुट्टीत, किनाऱ्यावर उतरताना खालचं डावं ब्रॅकेट फाटलं. शिडी एका बाजूला लटकली आणि एक बाई पडल्या. घोट्याचं हाड मोडलं. पाणी गुडघाभरच होतं आणि मागची माणसं अजून बोटीत होती, म्हणून तेवढ्यावर भागलं. त्या बाईंना मी नंतर फोन केला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. त्या म्हणाल्या, "शिडीला हात लावल्यावर पिठाची पिशवी धरल्यासारखं वाटलं हो." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

धक्क्यावर चौकशी सुरू झाली. बोटमालकांची तिथं एक समिती आहे. जेटीशेजारच्या खोलीत बसतात. मित्र घाबरलेला होता, ते मी समजू शकतो. त्यानं फोन केला. "लोक विचारतायत बोल्ट कुठले, कुणी आवळले. तू एक कागद पाठव. तुझे आकडे असले की पुरे."

मी जेवणाच्या टेबलावर बसून कागद लिहिला. धातूची प्रत. मीठ-फवाऱ्याचे तास. बसवताना दिलेला टॉर्क, तासाभरानंतरचा टॉर्क. शेवटी एक वाक्य: मूळ बसवणी ठरलेल्या टॉर्कनं केली होती, त्यानंतर कुणी बोल्ट उघडले असल्यास पुढील स्थितीची जबाबदारी उघडणाऱ्याची.

लिहिताना मला रिक्षा आठवली नाही असं म्हणता येणार नाही. आठवली. भाजीची पिशवीही आठवली. आठवूनही वाक्य ठेवलं. शब्दाला शब्द खरं होतं ते.

बायकोनं वाचलं. "लई सरळ लिहिलंय," ती म्हणाली. मग चष्मा काढला. "उघडलं कोणी होतं?"

"मिस्त्रीनं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी कागदाचा फोटो पाठवून दिला.

तो फोटो समितीच्या खोलीबाहेरच्या फलकावर छापून लागला. आठवड्याभरात मित्रानं सांगितलं की मिस्त्रीला त्यानं काढलं, आणि आणखी तीन मालकांनी त्याला बोलावणं बंद केलं. मित्राच्या आवाजात सुटल्याची भावना होती. माझ्याही छातीत थोडी होती, हे लिहायलाच पाहिजे.

फाटलेलं ब्रॅकेट आणि त्याचे चार बोल्ट मी पार्सलनं मागवले होते. आकड्यांच्या माणसाची सवय. मोजल्याशिवाय फाईल बंद होत नाही. पार्सल घरीच आलं. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून उघडलं.

बोल्ट नव्यासारखे होते. पुसले तर त्यात तोंड दिसलं असतं. ब्रॅकेटाकडे बघवेना. साडेदहा मिलिमीटरची भोकं होती. कॅलिपर लावला, एक चौदा, एक पंधरा, एक लांबट झालेलं, त्याचा मोठा व्यास साडेसतरा. चौथं काठापर्यंत फाटलेलं. वॉशरच्या खाली गोल चर पडले होते, आणि मागच्या बाजूला, जिथं माझी प्लेट टेकली होती, तिथं पत्रा कागदाएवढा पातळ. बोट लावलं तर पांढरी पूड बोटाला आली. पिठासारखी.

 मला जे आठवलं ते असं: आमच्या पेटीत बोल्ट टांगतात ते नायलॉनच्या दोऱ्यानं. धातूच्या तारेनं नाही. दोन नमुने एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, एकाचं पाणी दुसऱ्यावर ठिबकू द्यायचं नाही, असा नियम भिंतीवर लावलेला आहे. तो मी स्वतः टाईप करून लावला. नव्या लोकांना मीच समजावतो की दोन धातू टेकले तर निकाल बिघडतो, एक दुसऱ्याला वाचवतो आणि स्वतः झिजतो. बावीस वर्षं मी ते निकाल बिघडण्याचं कारण म्हणून सांगत आलो. बोट बिघडण्याचं कारण म्हणून ते मला कधी दिसलंच नाही.

मिस्त्रीनं एका वाक्यात विचारलं होतं, एकटाच ठेवला असंल. हो, एकटाच ठेवला होता.

तरी मी मोजून पाहिलं. मला मोजल्याशिवाय कबूल करता येत नाही, हीसुद्धा एक खोडच आहे. लोणच्याच्या काचेच्या तीन बरण्या घेतल्या, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. पहिलीत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एकटी. दुसरीत तशीच पट्टी, तिला स्टेनलेसचा बोल्ट आणि मोठी वॉशर थेट आवळलेली. तिसरीत तोच बोल्ट, पण नायलॉनच्या नळीतून आणि दोन्हीकडे नायलॉनच्या वॉशर. आधी वीज मोजायचा मल्टिमीटर लावला, पट्टी आणि बोल्ट न टेकवता पाण्यात धरून. अर्ध्या व्होल्टच्या वर. बोल्टाच्या जागी पितळेचा स्क्रू धरला, तरी आकडा आलाच, थोडा कमी.

म्हणजे ती बॅटरी होती. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघंही खाऱ्या पाण्यात असले की त्यांच्यातून वीज वाहते आणि त्यातला एक विरघळत जातो. समुद्रात आपल्या नेहमीच्या धातूंचा क्रम ठरलेला आहे: अ‍ॅल्युमिनियम पहिलं झिजतं, मग साधं लोखंड, मग पितळ, आणि स्टेनलेस शेवटी. ज्याला आपण सर्वांत टिकाऊ म्हणतो तोच शेजाऱ्याला सर्वांत जास्त खातो. आणि किती वेगानं खातो ते आकारावर असतं. टिकणाऱ्या धातूचा पत्रा मोठा आणि झिजणारा तुकडा लहान असला की त्या लहानाचं काही खरं नाही. मित्राची पाटी म्हणजे मोठं पितळ, रिवेट म्हणजे लहान अ‍ॅल्युमिनियम. पाटी टिकली, रिवेट गेले. आणि मी एका अरुंद ब्रॅकेटाला मोठ्या वॉशर घातल्या आणि वर एक स्टेनलेसची प्लेट लावली. जितकी काळजी घेतली तितकं स्टेनलेस वाढवलं.

बायको बरण्या बघून म्हणाली, "माझ्या लोणच्याच्या आहेत त्या."

"तीन आठवडे."

"आणि तो म्हातारा तीन आठवडे काय खाईल?"

तरी मी तीन आठवडे थांबलो. त्याचीही मला लाज वाटते. दुसऱ्या बरणीत तिसऱ्याच दिवशी बोल्टाभोवती पांढरा चिकट थर आला होता. एकविसाव्या दिवशी वॉशर काढली तर खाली खड्डा. पहिली आणि तिसरी जवळजवळ सारखी. मला ते तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. बाकीचे अठरा दिवस मी फक्त उशीर करत होतो.

आषाढात गेलो. एकटाच. बोटी वर काढलेल्या, ताडपत्र्यांखाली कामं चाललेली, आठ-दहा माणसं होती. मित्राला आदल्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं. तो रस्त्याच्या तोंडाशीच उभा होता.

"तिथं बोलायची काय गरज आहे? मी हळूच त्याला परत बोलावतो. कशाला तमाशा?"

"कागद फलकावर लागलाय ना?"

"काढून टाकतो."

"लोकांनी वाचलाय तो."

मिस्त्री टोकाला एका लहान होडीचा तळ घासत होता. मोठं काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं, हे दिसत होतं. मला बघून त्यानं काम थांबवलं नाही. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि बाकीच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं: प्लास्टिक मी काढलं. प्लेट मी लावली. मिस्त्रींनी पांढरं येतंय म्हणून सांगितलं तेव्हा प्लास्टिक टाकू नका, तसंच आवळा, असं फोनवर मी सांगितलं. ब्रॅकेट त्यामुळे गेलं. कागदात मी दोष यांच्यावर ढकलला. माझं चुकलं.

 पिशवीतून ब्रॅकेट काढून खाली ठेवलं.

जाळं विणत बसलेला एक जण म्हणाला, "साहेब, मग ते पाचशे तास कुठं गेले?"

दोघं-तिघं हसले. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं नाही. ते मला मिळायला हवंच होतं.

मिस्त्रीनं ब्रॅकेट उचललं. भोकातून बोट घातलं, पलीकडून काढलं. "हे सात वर्षं चाललेलं माझ्या हाताखाली," तो म्हणाला. "सात वर्षं. तुमच्याकडं दहा महिने."

"हो."

"मला यातलं व्होल्ट-बिल्ट कळत नाय. माझ्या चाचानं सांगितलं, दोन धातू एका ताटात जेवायला बसवू नकोस. बसवायचेच तर मध्ये पान टाक. बस."

"बरोबर सांगितलं."

"ते मला म्हाईत आहे बरोबर आहे ते." पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "तुम्ही आता येऊन बरोबर म्हणताय म्हणून ते बरोबर झालं नाय."

मी मान खाली घातली.

"लिहून द्या," तो म्हणाला. "पहिलं तोंडी नव्हतं. हेही तोंडी नको."

समितीच्या खोलीत बसून लिहिलं. पहिला कागद मी अर्ध्या तासात लिहिला होता. या कागदाला दोन तास लागले, कारण त्यात आकडे घालण्याचा मोह सारखा होत होता आणि प्रत्येक आकड्यामागं मी थोडा लपत होतो. तिसऱ्यांदा फाडून सहा ओळी लिहिल्या. मी काय केलं, मिस्त्रींनी काय सांगितलं होतं, मी का ऐकलं नाही. त्यांच्या कामात दोष नव्हता. खाली सही. समितीच्या माणसानं जुना कागद काढून हा लावला आणि मोठ्यानं वाचलाही. मी उभा राहून ऐकला.

दोन मालक तिथल्या तिथं मिस्त्रीकडे गेले. एकानं खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्यानं नुसतंच म्हटलं, "उद्या बघता का आमचं?" मिस्त्री बघतो म्हणाला.

मग मित्र गेला. "माझंही बघा. बारा वर्षं आहे आपलं."

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाला. "बाकीच्यांनी कागद वाचून काढलं मला. तुम्ही फोनवर होतात. तुम्हाला सगळं म्हाईत होतं."

  ते वाक्य आम्हा दोघांनाही सारखंच लागू होतं.

"तुमची बोट मी नाय करणार. करायचं कसं ते सांगतो. हात तुमचे."

त्यानं सांगितलं, आम्ही केलं, सलग दोन दिवस. माझ्या प्लेटा काढून टाकल्या. नवीन ब्रॅकेटं शिडीच्याच अ‍ॅल्युमिनियमची. प्रत्येक बोल्टाला नायलॉनची नळी, डोक्याखाली आणि नटाखाली नायलॉनची वॉशर, तिच्यावर धातूची. सांध्यात पाणी शिरू नये म्हणून सीलंट भरायचं. टॉर्कचं मी विचारलं, तर तो म्हणाला, नायलॉन बसतं, म्हणून एका दिवसानं परत आवळायचं, पंधरा दिवसांनी परत, आणि महिन्याला हात फिरवायचा. आवळ ढिली पडते हे माझं निरीक्षण बरोबर होतं. त्यावर उपाय नायलॉन फेकणं हा नव्हता, पुन्हा येऊन बघणं हा होता. पाण्याखालच्या ब्रॅकेटांना एकेक जस्ताचा ठोकळा, थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकवून, त्यावर रंग न लावता. जस्त अ‍ॅल्युमिनियमच्याही आधी झिजतं; कुणाला झिजायचंच असेल तर त्यानं झिजावं, अर्धा झाला की बदलायचा. पाटी पितळीच हवी असेल तर पितळेच्या स्क्रूनं, फायबरवर, अ‍ॅल्युमिनियमपासून लांब. आणि रोज संध्याकाळी वरच्या भागावर गोड्या पाण्याची बादली.

हे सगळं त्यानं दुसऱ्या बोटीवरून, काम करता करता सांगितलं. जवळ आला नाही. शेवटी एका माणसाच्या हातून त्याचा मल्टिमीटर पाठवला. कोरडं असताना एक टोक बोल्टाला लावायचं, एक ब्रॅकेटाला. शिटी वाजली तर आत कुठंतरी धातूला धातू टेकलाय.

मित्रानं टोकं धरली, मी वहीत लिहीत गेलो. पहिला गप्प. दुसरा गप्प. दहापर्यंत सगळे गप्प. अकरावा वाजला. पुढचे पाचही गप्प.

"सोळात एक," मित्र हळूच म्हणाला. तो थकला होता, दोघंही थकलो होतो. "चालेल ना रे? वरच्या ब्रॅकेटाचा आहे. पाण्याबाहेरच असतो तो."

पलीकडून मिस्त्रीचा आवाज आला. त्यानं मान वळवली नव्हती.

"वाजला?"

"वाजला," मी म्हणालो. "अकरावा."

 घासण्याचा आवाज परत सुरू झाला.

मी पाना घेतला आणि अकरावा उघडला. नळी आतून चिरली होती. भोकाची धार मी कानशीनं घासली नव्हती, आणि बोल्ट हातोडीनं ठोकून बसवला होता. ती जागा माझ्या वाटणीची होती. वहीत नऊ ते सोळा यांच्यासमोर माझं अक्षर होतं. धार घासली, नवी नळी कापली, हातानं ढकलून बसवली. मग उरलेले माझे सातही उघडून बघायला घेतले, वाजले नव्हते तरी.